निळी भिंत म्हणजे जोधपूर?

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागच्या वर्षी मोठ्या काकांनी एक फोटो टाकला. एका अरुंद गल्लीत आजोबा उभे आहेत. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात रेक्झिनची बॅग. डावीकडे निळसर भिंत, उजवीकडे पिवळी. खाली काकांनी लिहिलं होतं, ‘तात्या, जोधपूर, १९७१.’

आजोबा लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. एकाहत्तरच्या युद्धाच्या वेळी त्यांना तातडीने जोधपूरला पाठवलं होतं आणि तिथे त्यांनी ब्लॅकआउटमध्ये कंदिलाला कागद गुंडाळून पगारपत्रकं लिहिली, ही गोष्ट आम्ही सगळ्या नातवंडांनी ऐकलेली आहे. त्याचा कागदोपत्री पुरावा घरात कुठेच नाही. आजोबांच्या जन्मशताब्दीला काका एक छोटी पुस्तिका छापणार होते आणि तिच्या मुखपृष्ठावर हा फोटो येणार होता. युद्धाच्या गोष्टीचा तो एकमेव पुरावा.

माझी आत्येबहीण म्हणाली, “काका, जोधपूर कशावरून?” काकांचं उत्तर एका ओळीत आलं, “निळ्या भिंती आणखी कुठे असतात?”

मी सॉफ्टवेअरवाला. घरात कुणाचा फोन हँग झाला तरी मलाच विचारतात, तसाच हा फोटोही माझ्याकडे आला. ‘जरा क्लीन करून दे, छापायचाय.’ मी तो स्कॅन केला आणि पुढचे तीन-चार महिने त्या दोन भिंतींत अडकलो.

पहिली अडचण अशी की भिंत निळी होती हेच नक्की नव्हतं. प्रिंटमध्ये ती जांभळट दिसते. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात, आकाशी, किरमिजी आणि पिवळा. त्या काळच्या कागदांवर अल्बममध्ये, अंधारात ठेवलेल्या फोटोंतला आकाशी थर सगळ्यांत आधी विरतो. तो गेला की सगळा फोटो लालसर होतो. तुमच्या घरातले जुने लग्नाचे फोटो आठवा, सगळे जण ताप आल्यासारखे गुलाबी दिसतात ते याचमुळे. तेव्हा जुन्या प्रिंटमधल्या भिंतीचा रंग जसा दिसतो तसा घ्यायचा नसतो. आधी त्याच फोटोत एखादी मुळात पांढरी असलेली वस्तू शोधायची आणि तिच्यावरून बाकीचे रंग सावरायचे.

माझ्याकडे आजोबांचा शर्ट होता. उन्हातल्या खांद्यावर लाल, हिरवा, निळा यांचे आकडे आले २२४, २०० आणि १९०. पांढऱ्याचे तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. म्हणजे हिरवा सुमारे १.१२ पटीने आणि निळा सुमारे १.१८ पटीने वाढवायचा. भिंतीचे मूळ आकडे होते १५८, १४८, १७६. त्याच पटीने वाढवल्यावर झाले १५८, १६६, २०७. ढोबळ पद्धत आहे, पण जांभळट भिंत स्वच्छ निळी झाली.

हे मी आईला दाखवलं तर ती हसली. म्हणाली, “अरे, तात्यांचे शर्ट कुठले पांढरे? सासूबाई बादलीभर नीळ घालायच्या.” माझं मोजमापच निळीतून काढलेलं होतं! पण चूक असलीच तर ती माझ्या बाजूची होती. शर्टात थोडा निळा असताना मी तो पांढरा धरला, म्हणजे फोटोतला थोडा निळेपणा मी काढून टाकला. खरी भिंत माझ्या आकड्यांपेक्षा जास्तच निळी असणार.

आईच्या या वाक्याने मला एक गोष्ट मात्र कळली, जी मी कुठल्याही पर्यटन ब्लॉगवर वाचली नव्हती. शर्टातली नीळ आणि भिंतीतली नीळ एकच.

भिंतीला चुना काढायची पद्धत माझ्या आईच्या माहेरी, साताऱ्याकडे, तिच्या लहानपणापर्यंत चालू होती. कळीचा चुना म्हणजे भाजलेला चुनखडीचा दगड. तो पाण्यात टाकला की फसफसतो, उकळतो, पिंप गरम होतं. काही दिवस भिजत ठेवून, गाळून, दुधासारखा पातळ करायचा, वर थोडा डिंक किंवा सरस घालायचा आणि कुंच्याने हात मारायचे. ओला असताना चुना जवळजवळ दिसतच नाही. वाळला आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याने घेतला की त्याचा पुन्हा दगडासारखा पांढरा पापुद्रा होतो. पण हा पांढरा जरा पिवळट असतो. म्हणून शर्टाला करतात तेच इथेही करायचं, चिमूटभर नीळ टाकायची. पिवळटपणा मरतो आणि भिंत जास्त पांढरी वाटते. नीळ थोडी जास्त पडली की भिंत निळसर, आणखी पडली की निळी. भारतातल्या कितीतरी गावांत दिसणाऱ्या निळ्या भिंतींसाठी कुठल्याही गूढ परंपरेची गरज नाही, किराणा दुकानातली पुडी पुरते.

आता ती पुडी किती जुनी, हा प्रश्न घ्या. इथे रसायनशास्त्र इतिहासकाराचं काम करतं. चुना कमालीचा अल्कधर्मी असतो, त्यात बरेच रंग टिकत नाहीत. अठराव्या शतकात युरोपात सापडलेला प्रशियन निळा चुन्यात घातला तर काही काळात तपकिरी पडतो. लाजवर्दी दगड दळून केलेला अस्सल अल्ट्रामरिन चुन्यात उत्तम टिकतो, पण तो इतका महाग होता की चित्रकारही जपून वापरत. वनस्पतीची नीळ आपल्याकडे भरपूर होती आणि ती चुन्यात घालता येते, पण तिची छटा मंद असते आणि उन्हाने ती उडते. मग १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने स्वस्त कृत्रिम अल्ट्रामरिन बनवणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं आणि १८२८ मध्ये ते ज्याँ-बातिस्त गिमे या रसायनतज्ज्ञाला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून तो हा रंग करायचा. पुढच्या काही दशकांत हीच पूड कपड्यांची नीळ म्हणून जगभर पोचली. चुन्यात पक्की, उन्हात पक्की, आणि पैशांत परवडणारी.

म्हणजे ‘शतकानुशतकांची निळी परंपरा’ असं जिथे जिथे लिहिलेलं दिसेल, तिथे एक प्रश्न विचारता येतो. कुठला निळा? फिकट, उडणारी, वनस्पतीची नीळ जुनी असू शकते. उन्हात वर्षभर चमकणारा स्वस्त निळा चुना एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधी सामान्य माणसाच्या भिंतीवर असणं कठीण आहे. जोधपूर शहर वसलं १४५९ मध्ये. आज मेहरानगड किल्ल्यावरून खाली जो निळा पसारा दिसतो, त्याचं वय शहराच्या वयाइतकं धरता येत नाही.

मी हे काकांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मला चौदाशे एकोणसाठ नकोय रे, एकोणीसशे एकाहत्तर पुरे.” मुद्दा बरोबर होता.

जोधपूरच्या निळ्याबद्दल ज्या कथा सांगतात, त्यांतल्या काही तपासून पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे निळ्याने घर थंड राहतं. पांढऱ्या चुन्यात कुठलाही रंग मिसळला की तो पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो, तेव्हा पांढऱ्यापेक्षा निळा थंड असं होऊ शकत नाही. उघड्या दगडापेक्षा थंड, हे मान्य. डोळ्यांना झळाळी कमी, हेही मान्य. दुसरी कथा वाळवीची. चुन्यात मोरचूद घालायचे, त्याने वाळवी लागत नाही, आणि म्हणून घरं निळी. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला हे मिश्रण वेगळं सांगायला नको, तो मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण वेलींवर मारतो ते हेच. बुरशीवर ते नक्की चालतं. पण वाळवी घरात येते ती जमिनीतून आणि लाकडातून, बाहेरच्या भिंतीचा रंग तिला कितपत अडवणार? शिवाय मोरचुदाचा निळा हिरवटपणाकडे झुकतो. कपड्यांच्या निळीचा निळा किंचित जांभळ्याकडे. माझ्या सावरलेल्या आकड्यांत हिरवा १६६ आणि लाल १५८ होता, म्हणजे हिरवा लालाच्या जवळ आणि निळ्यापासून लांब. मोरचूद असता तर हिरवा निळ्याच्या जवळ सरकला असता. आमच्या फोटोतली भिंत कपड्यांच्या निळीची होती.

तिसरी कथा जातीची. निळी घरं ब्राह्मणांची, असं जोधपूरच्या ब्रह्मपुरी भागाबद्दल सांगतात, आणि पुढे बाकीच्यांनीही तो रंग उचलला म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ऐकून गंमत वाटेल. आपल्याकडे गावाच्या फोटोत एका वस्तीतली घरं आणि मधला विहार गडद निळ्यात दिसला, तर आपल्या मनात येतो आंबेडकरी चळवळीचा झेंडा. एकच पुडी, दोन प्रदेश, आणि जातीच्या उतरंडीची अगदी विरुद्ध टोकं. रंगाचा अर्थ पुडीत नसतो. तो त्या गावात त्या काळी कोणी काय ठरवलं त्यात असतो, आणि फोटोत ते ठरवणं दिसत नाही.

याच सुमारास आत्येबहिणीने मला इंटरनेटवरून जोधपूरचे एकोणिसाव्या शतकातले कृष्णधवल फोटो पाठवले. किल्ल्याखालची घरं पांढरीफटक. तिचं म्हणणं, बघ, तेव्हा निळं काहीच नव्हतं. मला हा पुरावा आवडला असता, पण तो पुरावा नाही. त्या काळच्या काचेच्या प्लेट्सना फक्त निळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश दिसायचा. लाल-पिवळ्याला त्या जवळजवळ आंधळ्या होत्या. म्हणून जुन्या फोटोंत आकाश कोरं पांढरं येतं. अशा प्लेटवर निळी भिंत आणि पांढरी भिंत सारखीच उमटते, आणि पिवळी किंवा गेरूची भिंत काळपट. सगळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या प्लेट्स बाजारात आल्या १९०६ च्या सुमारास, आणि त्यानंतरही जुना प्रकार बराच काळ वापरात राहिला. तेव्हा जुन्या कृष्णधवल फोटोत घर पांढरं दिसलं तर ते पांढरं किंवा निळं. काळपट दिसलं तर पिवळं, लाल, किंवा उघडा दगड. यापलीकडे बोलायचं नाही.

निळ्या भिंतीने मला एवढंच सांगितलं होतं की इथे चुना आणि कपड्यांची नीळ मिळते, म्हणजे भारतातलं कुठलंही गाव. मग मी उजवीकडच्या पिवळ्या भिंतीकडे वळलो.

पिवळा रंग आपल्याकडे पिवडीचा. पिवडी म्हणजे लोहयुक्त पिवळी माती, आणि तीच भाजली की लाल होते, गेरूसारखी. ही माती चुन्यात पक्की आणि उन्हात तर अजिबात न उडणारी, म्हणून माणसाने गुहेत चित्रं काढायला सुरुवात केली तेव्हापासून ती वापरात आहे. ती जवळजवळ सगळीकडे सापडते, त्यामुळे नुसती पिवळी भिंत हा सगळ्यांत कमजोर पुरावा. पण आमच्या फोटोत ती नुसती पिवळी नव्हती. दाराभोवती चार बोटं रुंद पांढरा पट्टा होता, घराच्या कोपऱ्यावर वरपासून खालपर्यंत तसाच पट्टा, आणि छताखालच्या कंगोऱ्यावरही पांढरा. मोठा करून पाहिलं तर निळ्या भिंतीलाही तसेच पट्टे होते, पण मळून इतके करडे झालेले की आधी लक्षात आले नव्हते.

इथे जोधपूर डळमळलं. जोधपूरच्या जुन्या घरांत दगडी तोड्या, दगडी चौकटी, सपाट गच्च्या. निळा चुना मारताना कुंचा सगळ्यावरून फिरतो, भिंतीवरून तोड्यांवर, तोड्यांवरून कोनाड्यात. भिंत एका रंगात आणि दाराखिडक्यांच्या गिलाव्यातल्या उठावदार कडा पांढऱ्यात, ही सवय युरोपीय वसाहतींच्या शहरांतली. भारतात असं म्हटलं की दोन नावं पटकन डोळ्यांसमोर येतात, पुदुच्चेरी आणि पणजी.

पुदुच्चेरीच्या फ्रेंच भागातला मोहरीसारखा पिवळा आणि पांढऱ्या कडा तुम्ही निदान रीलमध्ये तरी पाहिल्या असतील. तिथलीच अरविंद आश्रमाची घरं मात्र राखाडी, पांढऱ्या कडांची. निळी घरं तिथे असू शकतात. पण त्या भागातल्या घरांचा माथा बहुतेक सपाट असतो, गच्ची आणि कठडा. आमच्या फोटोत छप्पर दिसतच नाही, फोटो वरून कापला गेलाय. तरी पिवळ्या भिंतीच्या वरच्या भागावर उन्हाची सावली पडली आहे, आणि त्या सावलीची कड करवतीसारखी दातेरी आहे. ओळीने मांडलेल्या कौलांच्या टोकांची सावली. छप्पर फोटोबाहेर होतं, पण त्याने भिंतीवर सही केली होती. पुदुच्चेरी पूर्ण बाद झालं असं नाही, पण मागे पडलं.

खरा निकाल मात्र भिंतीच्या खालच्या तीन फुटांनी लावला.

माझं लक्ष इतके दिवस रंगावर होतं. निळ्या भिंतीचा तळ काळा होता. तो मी सावली समजत होतो, पण ऊन त्याच बाजूने येत होतं, तेव्हा ती सावली नव्हती. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत लालसर तपकिरी शिंतोडे, त्याच्या वर कमरेपर्यंत काळपट हिरवा थर, आणि खिडकीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांपासून खाली आलेले काळे ओघळ. कोकणात घर असलेल्या कुणालाही हे ओळखू येईल. पागोळ्यांचं पाणी लाल मातीवर आपटून भिंतीवर उडतं, ओल राहते तिथे शेवाळ धरतं, पाऊस संपल्यावर ते वाळून काळं पडतं.

जोधपूरला वर्षाला साधारण साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. पणजीला सुमारे तीन हजार. भिंतीसाठी हे दोन वेगळे ग्रह आहेत. जोधपूरमध्ये चुन्याचा हात अनेक वर्षं टिकतो, तो झिजतो वाऱ्याने, उन्हाने आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यांनी. पणजीत एका पावसात तळ काळा होतो. पोर्तुगीज काळात पावसाळ्यानंतर घर रंगवणं बंधनकारक होतं आणि पांढरा रंग फक्त चर्चला राखून ठेवलेला होता, असं पणजीत आजही सांगतात. नियमाचा कागद कसाही असो, तीन हजार मिलिमीटर पाऊस स्वतःच एक फर्मान काढतो. चुन्याची भिंत तिथे दर वर्षी रंगवावीच लागते. आणि जिथे दर वर्षी रंगवायचंच आहे तिथे दर वर्षी रंग बदलताही येतो. जोधपूरची गल्ली एकाच रंगात का आणि पणजीची गल्ली चार रंगांत का, याचं एक उत्तर मला इथे दिसतं. पुरं उत्तर नसेल, पण आवडी आणि संस्कृतीच्या गप्पांपेक्षा मला ते जास्त पटतं.

मग पिवळी भिंत तळापर्यंत स्वच्छ कशी? तिच्या पायाशी रस्त्यावर पांढरे-पिवळे ठिपके सांडलेले दिसत होते. कुंच्यावरून गळलेला चुना. म्हणजे एका शेजाऱ्याने नुकतंच घर रंगवून घेतलं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. फोटो पावसाळा संपल्यानंतर काही आठवड्यांच्या आत काढलेला. मूळ प्रिंट काकांकडून मागवून घेतली. मागे पेन्सिलीने एकच शब्द होता, आजोबांच्या अक्षरात, ‘नोव्हेंबर’. ‘जोधपूर, १९७१’ हे काकांनी बॉलपेनने नंतर लिहिलं होतं. तसं त्यांनी लगेच कबूलही केलं.

या जानेवारीत मी पणजीला गेलो. फोंताइन्यास, म्हणजे आल्तिन्यू टेकडीच्या पायथ्याशी, ओरें खाडीच्या कडेने वसलेली जुनी वस्ती. फोन हातात धरून निळं घर शोधत दोन तास फिरलो. निळी घरं बरीच सापडली, पण सगळी भलतीच गडद. आजचा हा रंग बहुतेक ठिकाणी प्लास्टिक इमल्शनचा असतो. चुन्यात रंगाची पूड चुन्याच्या एक दशांशाहून जास्त घातली तर ती धरून राहत नाही, पाठ टेकली की शर्टाला लागते. म्हणून चुन्याचे रंग नेहमी दुधातले, फिके. फोटोतला रंग शाईसारखा भरलेला आणि सपाट असेल तर तो डबा अलीकडचा आहे, आणि फिल्टरही असू शकतो. तो खराब होतो तेही वेगळ्या तऱ्हेने. चुना पिठासारखा झिजत जातो, इमल्शनला फुगे येऊन त्याची सालपटं निघतात.

रंगावरून शोधणं मी शेवटी सोडून दिलं. दर वर्षी बदलणाऱ्या गोष्टीवरून पन्नास वर्षांनी घर शोधायला निघालो होतो, यात माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा काय उपयोग! न बदलणाऱ्या गोष्टी धरल्या. फोटोत निळ्या घराच्या दाराला तीन पायऱ्या, सगळ्यांत खालची गोलाई असलेली. दारापासून पहिली खिडकी जवळ, दुसरी लांब. आणि पहिल्या खिडकीच्या तावदानात काचांऐवजी शिंपल्यांच्या चौकोनी चकत्या, लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या. गोव्यात काच महाग होती तेव्हा उजेडासाठी हेच वापरायचे.

पायऱ्या सापडल्या. खालची गोल, फक्त रस्ता उंच झाल्यामुळे अर्धी गाडली गेलेली. खिडक्यांची अंतरं जुळली. शिंपले गेले, काचा आल्या. आणि घर चक्क पिवळं होतं. समोरचं, जे फोटोत पिवळं, ते आता विटकरी.

दारात एक वयस्कर बाई होत्या. मी फोनवरचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, आजोबांकडे नाही, घराकडे. मग कोंकणी-मराठी मिसळून म्हणाल्या की हे त्यांचंच घर, निळं त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी होतं, आणि सासरे गेल्यावर दिरांनी बदललं. दाराच्या चौकटीपाशी, जिथे पावसाने गिलाव्याचा टवका उडाला होता, तिथे त्यांनी बोट लावलं. कडेला थर दिसत होते. वर इमल्शनचा पिवळा, कागदासारखा. त्याखाली पांढरा, मग फिका निळा, मग पुन्हा पिवळा, मातकट, मग पांढरे दोन-तीन, आणि सगळ्यात आत लाल जांभा. आम्ही ऑफिसात कोडचा इतिहास बघतो तसा, फक्त इथे कुणी तारखा टाकलेल्या नव्हत्या. मी फोटो काढला. निळा थर पोळीच्या पापुद्र्याइतका होता.

घरी परतल्यावर मी ग्रुपवर काही टाकलं नाही. थेट काकांकडे गेलो. फोटो, पायऱ्या, टवका, सगळं दाखवलं. काका काही बोलले नाहीत. तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली, फोटो हातात घेतला आणि म्हणाली, “ही बॅग बोटीवर होती. मला बोट लागली होती आणि तात्यांनी याच बॅगेतनं लिंबू काढून दिलं होतं.” मुंबईहून पणजीला तेव्हा बोट जायची. आत्या सहा-सात वर्षांची असेल, म्हणजे साल चौऱ्याहत्तर किंवा पंचाहत्तर. बोट तिला आठवते, ओकारी आठवते, गाव आठवत नाही.

“म्हणजे जोधपूरला गेलेच नव्हते असं म्हणायचंय तुला?” काकांनी मला विचारलं.

मी म्हटलं, असं मी म्हणत नाही. हा फोटो तिथला नाही, एवढंच भिंतीवरून सांगता येतं. ते गेले होते की नव्हते, याबद्दल या भिंतीला काही माहीत नाही.

पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर तोच फोटो आहे, रंग सावरलेला. खाली छापलंय, ‘तात्या, पणजी, नोव्हेंबर’. जोधपूरची गोष्ट आत पान सातवर आहे, फोटोशिवाय, काकांनी आजोबांच्या तोंडून ऐकली तशी. कंदिलाच्या कागदासकट.